इंटरनेट अकरा दिवस बंद, बिल मात्र पूर्ण: बंद दिवसांची आकारणी परत कशी मागावी

घरचे ब्रॉडबँड दोन-चार तास बंद पडले तर आपण थांबतो, आणि तेवढे थांबणे रास्तही आहे. पण रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, दुरुस्तीला आठ-दहा दिवस गेले आणि तरीही महिन्याच्या एक तारखेला पूर्ण रकमेचे बिल आले, तर न मिळालेल्या सेवेचे पैसे आपण भरत असतो. ही रक्कम बिलातून सहसा आपणहून वजा होत नाही. ती मागावी लागते, आणि नीट मागितली तर बहुतेक वेळा कंपनीच्या पातळीवरच मिळते. ज्यांनी अशी मागणी पूर्वी कधी केलेली नाही त्यांच्यासाठी ही प्रक्रिया मी येथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरण आमच्याच घरचे आहे. सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत जुलै महिन्यात ९ तारखेला दुपारी चार वाजता इंटरनेट बंद पडले आणि २१ तारखेला सकाळी अकरा वाजता सुरू झाले. आमचा प्लॅन महिना ७९९ रुपयांचा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून बिल ९४२ रुपये ८२ पैशांचे येते. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आलेले जुलैचे बिलही तेवढ्याच रकमेचे होते.

आरंभीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. अशा प्रकरणात रकमेचा हिशेब साधा त्रैराशिकाचा असतो आणि त्यावर कोणी फारसे भांडत नाही. वाद होतो तो तारखांवर: सेवा नेमकी कधी बंद पडली, कधी सुरू झाली आणि मधल्या काळात ती सलग बंद होती का. कंपनीच्या नोंदीत बंद काळ म्हणजे तक्रार नोंदवल्यापासून ती ‘निकाली’ दाखवेपर्यंतचा काळ. प्रत्यक्षात इंटरनेट किती दिवस बंद होते हे त्या नोंदीवरून कळेलच असे नाही. म्हणून बिल आल्यावर काय लिहायचे याच्या इतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व बंद काळात आपण काय केले याला आहे.

सेवा बंद पडल्या दिवशी

सर्वांत आधी भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे पाहावे. त्यावर एलओएस अशी इंग्रजी अक्षरे असलेला दिवा असतो. तो लाल असेल किंवा लाल लुकलुकत असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशाचा संकेतच डब्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटली, वाकली किंवा जोडणीतून निघाली आहे. तो दिवा विझलेला असून पॉन नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर असेल, पण तरीही इंटरनेट चालत नसेल, तर फायबर ठीक आहे आणि दोष कंपनीच्या यंत्रणेत, आपल्या खात्याच्या नोंदीत किंवा राउटरच्या मांडणीत आहे. हा फरक ग्राहकाने जाणून घ्यावा, कारण ‘तुमच्या घरातल्या वायफायचा प्रश्न आहे’ हे उत्तर ग्राहक सेवेकडून हमखास येते, आणि एलओएसचा लाल दिवा असताना ते उत्तर टिकत नाही. डबा एकदा बंद करून पाच मिनिटांनी सुरू करावा, म्हणजे ‘रीस्टार्ट करून पाहा’ हा टप्पाही पार पडतो, आणि मग लाल दिव्याचे छायाचित्र काढावे. ते रोज एक काढावे. फोन स्वतःच तारीख आणि वेळ नोंदवतो, त्यामुळे वेगळे काही लिहावे लागत नाही.

फायबर घराच्या आत तुटली असेल, उदाहरणार्थ उंदराने कुरतडली असेल किंवा फर्निचर हलवताना दबली असेल, तर परताव्याची मागणी कमकुवत होते आणि कंपनी दुरुस्तीचा खर्चही मागू शकते. म्हणून तंत्रज्ञ आल्यावर दोष कुठे सापडला हे त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच दिवशी कंपनीला ईमेलने कळवून ठेवावे. आमच्याकडे आलेल्या तरुणाने स्पष्ट सांगितले, “काका, तुमच्या बिल्डिंगपर्यंत लाइनच नाही. पुढच्या चौकात खोदलंय, तिथे केबल कट झाली आहे.” हे वाक्य मी जसेच्या तसे, तारीख आणि वेळेसह, त्या संध्याकाळीच कंपनीला पाठवले. पुढे ‘ग्राहकाच्या बाजूचा दोष’ हा मुद्दा कंपनीने काढला तेव्हा ती ईमेल उपयोगी पडली.

त्यानंतर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार नोंदवलेल्या तक्रारीला क्रमांक देणे सेवा पुरवठादारावर बंधनकारक आहे. सोसायटीला जोडणी देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याला फोन केला, त्याने ‘बघतो’ म्हटले, किंवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने ‘काम चालू आहे’ असे लिहिले, तर त्याला तक्रार म्हणत नाहीत. पुण्यातल्या पुष्कळ सोसायट्यांमध्ये शेवटची तार स्थानिक माणूस टाकतो आणि बिल मोठ्या कंपनीच्या नावाने येते. अशा वेळी बिलावर ज्या कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक आहे तीच आपल्याला जबाबदार असते, आणि तक्रार तिच्याकडेच नोंदवलेली असावी. केबलवाल्याशी संबंध गोडीचे जरूर ठेवावेत, कारण तार शेवटी तोच जोडणार असतो. पण त्याच्या तोंडी शब्दावर हिशेब उभा राहत नाही.

तक्रार जिवंत ठेवणे

नवख्या ग्राहकांचे सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. तक्रारी ठरलेल्या मुदतीत निकाली निघाल्या पाहिजेत असा दबाव कंपनीच्या यंत्रणेवर असतो, आणि म्हणून काम झालेले नसतानाही तक्रार बंद केल्याचा संदेश येतो. आमची पहिली तक्रार मी ९ जुलैला संध्याकाळी नोंदवली. ११ तारखेला दुपारी ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला, तेव्हा दिवा लालच होता. मी चुकून असे धरले की दुरुस्ती अर्ध्यावर आली असेल, आणि दोन दिवस थांबलो. दुसरी तक्रार १३ तारखेला सकाळी नोंदवली. ती १६ तारखेला संध्याकाळी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ या शेऱ्यासह बंद झाली, वास्तविक त्या दिवशी घरी आम्ही दोघेही होतो. तिसरी तक्रार त्याच रात्री नोंदवली आणि ती २१ तारखेला सेवा सुरू झाल्यावर बंद झाली. कंपनीच्या नोंदीत यामुळे एक सलग खंड दिसण्याऐवजी तीन वेगळ्या तक्रारी दिसू लागल्या, आणि ११ ते १३ जुलै या काळात तर आमची काहीच तक्रार नव्हती असे चित्र तयार झाले.

यावर उपाय असा की तक्रार बंद झाल्याचा संदेश आल्याबरोबर, त्याच दिवशी, ती पुन्हा उघडायला सांगावे. कंपनीच्या ॲपमध्ये तशी सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर नवी तक्रार नोंदवून तिच्यात जुन्या तक्रारीचा क्रमांक लिहावा आणि ‘पूर्वीच्या तक्रारीतील दोष दुरुस्त न होता ती बंद करण्यात आली, सेवा अमुक तारखेपासून सलग बंद आहे’ हे वाक्य घालावे. ‘सलग’ हा शब्द विसरू नये. तसेच, पुष्कळ कंपन्यांत तंत्रज्ञाला तक्रार बंद करण्यासाठी ग्राहकाच्या फोनवर आलेला ओटीपी लागतो. काही ठिकाणी त्याला हॅपी कोड म्हणतात. तंत्रज्ञ जिन्यातून किंवा फोनवरून ‘काका, कोड सांगा, काम होऊन जाईल’ असे म्हणतो तेव्हा त्याचीही अडचण खरी असते, परंतु इंटरनेट प्रत्यक्ष सुरू होऊन एखादे पान उघडून पाहिल्याशिवाय तो कोड देऊ नये. कोड दिला म्हणजे सेवा सुरू झाल्याची कबुली आपण स्वतः दिली, असे नोंदीत धरले जाते.

तक्रारींच्या नोंदी अशा तुटक झाल्या असल्या तरी एक पुरावा आपल्या बाजूने उरतो आणि तो कंपनीच्याच घरातला असतो. प्रत्येक जोडणी कंपनीच्या यंत्रणेत लॉग-इन होते. ती कधी तुटली, कधी पुन्हा जोडली गेली आणि किती डेटा वापरला गेला याची नोंद तेथे आपोआप होत असते. याच नोंदीवर आधारलेला दिवसवार वापराचा तक्ता बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ग्राहकाला दिसतो. सेवा सुरू झाल्यावर लगेच तो उघडावा. आमच्या तक्त्यात १० जुलैपासून २० जुलैपर्यंत सलग अकरा दिवस वापर शून्य होता, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या दिवसांत रोज काही जीबी वापर होता. या पानाचे स्क्रीनशॉट बंद दिवसांच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच दिवस दिसतील असे घ्यावेत, कारण फक्त शून्याचे दिवस दाखवले तर ‘आपण बाहेरगावी असाल’ असे उत्तर येऊ शकते. ॲपमध्ये असा तक्ता जुन्या महिन्यांसाठी उपलब्ध राहीलच याची खात्री धरू नये; तो वेळेवर साठवून ठेवावा. तक्ता दिसतच नसेल तर मागणीपत्रात ‘माझ्या जोडणीचा सेशन लॉग तपासावा आणि त्याची प्रत द्यावी’ असे लिहावे. हे शब्द वाचल्यावर प्रकरण बहुधा पहिल्या फळीतून पुढे तांत्रिक विभागाकडे जाते, हा माझा अनुभव आहे.

नियम काय म्हणतात

ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाविषयीचे जुने तीन नियमसंच एकत्र करून नवे नियम केले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. आपल्या प्रकरणाशी त्यातील दोन गोष्टींचा संबंध येतो. तारेवरून किंवा फायबरवरून मिळणाऱ्या सेवेतला दोष तीन दिवसांनंतरही दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई म्हणून भाड्यात सूट द्यावी लागते. मग तो ग्राहक महिन्याचे बिल भरणारा असो वा आगाऊ पैसे भरणारा. दुसरी तरतूद संपूर्ण जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक काळ बंद पडली तर लागू होते, आणि तिच्यात एका दिनांकात बारा तासांपेक्षा अधिक सेवा बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरावा असे माप दिले आहे. आपली एकट्याची किंवा सोसायटीची तार तुटणे हे पहिल्या प्रकारात येते, त्यामुळे मागणीत पहिल्या तरतुदीचा उल्लेख करावा. दिवस मोजण्यासाठी मात्र बारा तासांचे माप मी वापरले, कारण ते नियामकानेच मान्य केलेले असल्यामुळे त्यावर वाद घालणे कंपनीला अवघड जाते.

नैसर्गिक आपत्ती हा अपवाद आहे, आणि पावसाळ्यात कंपन्या तो लगेच पुढे करतात. खडकवासल्यातून पाणी सोडल्यामुळे नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला आणि तेथील यंत्रणा बुडाली, तर तो अपवाद समजण्यासारखा आहे. परंतु कोणत्याही यंत्रणेने रस्ता खोदताना केबल तोडली तर ती नैसर्गिक आपत्ती ठरत नाही, मग त्या दिवशी पाऊस पडत असला तरीही. खोदणारा कोण होता हा कंपनीचा आणि त्याचा प्रश्न आहे.

हिशेब

आमच्या प्रकरणात ९ जुलैला सेवा चारनंतर बंद झाली, म्हणजे त्या दिवशीचे आठ तास गेले. ते बारांपेक्षा कमी असल्याने तो दिवस सोडला. २१ जुलैला सकाळी अकरापर्यंत, म्हणजे अकरा तास, सेवा नव्हती, तोही सोडला. १० ते २० जुलै हे पूर्ण अकरा दिवस धरले. कडेचे दिवस सोडून दिल्याने थोडे पैसे जातात, परंतु उरलेला आकडा निर्विवाद होतो, आणि मला तो व्यवहार फायद्याचा वाटतो.

जुलैचे दिवस ३१. म्हणून ७९९ ला ३१ ने भागून ११ ने गुणले, तर २८३ रुपये ५२ पैसे येतात. यावर १८ टक्के जीएसटी ५१ रुपये ३ पैसे होतो. सेवाच मिळाली नाही तर तिच्यावरचा करही आपण देणे लागत नाही, म्हणून एकूण मागणी ३३४ रुपये ५५ पैशांची झाली. बिलाचा काळ एक तारखेपासून सुरू होत नसेल तर ज्या बिलाच्या काळात बंद दिवस येतात त्याच काळाचे दिवस भागाकारासाठी घ्यावेत; बंद काळ दोन बिलांत विभागला गेला असेल तर दोन्हींचा हिशेब स्वतंत्र लिहावा.

या काळात मोबाइलचे जादा डेटा पॅक घ्यावे लागले, घरून काम करता आले नाही म्हणून सुट्टी टाकावी लागली, हे सारे नुकसान खरेच असते. तरीही ते या मागणीत मिसळू नये. बिलाच्या विभागाला आकारणी उलटवण्याचा अधिकार असतो, नुकसानभरपाई देण्याचा नसतो. दोन्ही एकत्र लिहिले की संपूर्ण पत्र ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून परत येते. डेटा पॅकच्या पावत्या जपून ठेवाव्यात, त्यांची जागा पुढे, ग्राहक आयोगापुढे, आहे.

मागणीपत्र

पत्र कंपनीच्या अधिकृत ग्राहक सेवा पत्त्यावर ईमेलने पाठवावे आणि तेच फोनवर किंवा ॲपमध्ये बिलाची तक्रार म्हणून नोंदवून वेगळा क्रमांक घ्यावा. इंटरनेट बंद असल्याची तक्रार आणि बिलाची तक्रार या कंपनीच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नोंदवलीच नाही तर मुदत सुरू होत नाही. मी ३ ऑगस्टला पाठवलेले पत्र, ओळख पटवणारे तपशील वगळून, असे होते:

“विषय: जुलै महिन्याच्या बिलातील ११ दिवसांची आकारणी उलटवण्याबाबत.

महोदय, माझ्या वरील ग्राहक क्रमांकाची ब्रॉडबँड सेवा ९ जुलै रोजी दुपारी ४ पासून २१ जुलै रोजी सकाळी ११ पर्यंत सलग बंद होती. याबाबत तीन तक्रारी नोंदवल्या असून त्यांचे क्रमांक सोबत दिले आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन दोष दुरुस्त न होताच बंद करण्यात आल्या. आपल्याच ॲपमधील दिवसवार वापराच्या तक्त्यात १० ते २० जुलै या काळात वापर शून्य दिसतो. एलओएस दिव्याची दररोजची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरीही १ ऑगस्टच्या बिलात पूर्ण महिन्याची आकारणी झाली आहे.

११ दिवसांचे मूळ शुल्क २८३.५२ रुपये व त्यावरील जीएसटी ५१.०३ रुपये, असे एकूण ३३४.५५ रुपये कमी करून मला क्रेडिट नोट द्यावी. तीन दिवसांहून अधिक काळ दोष राहिल्याबद्दल ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार देय असलेली भाड्यातील सूट याहून अधिक होत असल्यास ती द्यावी. मागणी अमान्य असल्यास आपण धरलेला बंद काळ आणि त्याचा आधार लेखी कळवावा.”

शेवटचे वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. नुसते ‘आपली मागणी मान्य करता येत नाही’ असे उत्तर आले तर पुढे काय खोडून काढायचे हेच कळत नाही. आधार लेखी मागितला की कंपनीला तारखा लिहाव्या लागतात. भाड्यातील सुटीविषयीचे वाक्य घालण्यामागेही कारण आहे: नियमातील सूट प्रत्यक्ष बंद दिवसांपेक्षा अधिक असू शकते, आणि प्रत्येक पुरवठादाराने प्रसिद्ध करावयाच्या ग्राहक सनदेत या सुटीचे टप्पे पाहता येतात. पत्र पाठवण्यापूर्वी ती सनद कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी.

बिल भरायचे की अडवून ठेवायचे, हा प्रश्न येथे सर्वांना पडतो. माझा सल्ला असा की रक्कम काहीशे रुपयांची असेल तर बिल मुदतीत पूर्ण भरावे आणि त्याच दिवशी ‘जुलैच्या आकारणीविषयीचा माझा वाद कायम ठेवून ही रक्कम भरत आहे’ अशी ईमेल करावी. बिल अडवल्यास विलंब शुल्क लागते, जोडणी तात्पुरती बंद होऊ शकते, आणि मग बंद काळाचे कारण तुटलेली फायबर की थकलेले बिल, असा नवा गोंधळ उभा राहतो. बँकेतून आपोआप पैसे वळते होण्याची सोय चालू असेल तर ती रद्द करण्याचीही गरज नाही. ईमेल मात्र करावी.

कंपनीचे उत्तर आणि त्याचे प्रत्युत्तर

८ ऑगस्टला आम्हाला फोन आला. बोलणारी मुलगी नम्र होती, तिने सांगितले, “सर, आमच्या रेकॉर्डप्रमाणे चार दिवसांचं डाउनटाइम आहे. पुढच्या बिलात एकशे तीन रुपये दहा पैसे ॲडजस्ट करून देते, चालेल ना?” चार दिवस कुठून आले ते मी विचारले. त्यांनी केवळ तिसरी तक्रार धरली होती, म्हणजे १७ ते २० जुलै. आधीच्या दोन तक्रारी निकाली निघाल्या असल्याने त्या काळात सेवा चालू होती असे गृहीत धरले होते, आणि जीएसटी मुळीच धरला नव्हता.

अशा फोनवर ‘चालेल’ म्हणू नये, कारण त्या होकारानेच बिलाची तक्रार निकाली निघते. “मला हे ईमेलने कळवा, मी लेखी उत्तर देतो,” एवढेच सांगावे. मी दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिले आणि त्यात एकच मुद्दा मांडला: पहिली तक्रार ११ जुलैला निकाली निघाली असेल, तर ११ ते २० जुलै या काळात माझ्या जोडणीवर किमान एक तरी लॉग-इन आणि थोडा तरी वापर दिसायला हवा, तो दाखवावा. वापराच्या तक्त्याचे स्क्रीनशॉट पुन्हा जोडले. २२ ऑगस्टला अकरा दिवस मान्य झाल्याचे उत्तर आले. दोन दिवस तक्रार न नोंदवण्याची माझी चूक या तक्त्याने भरून काढली. तो नसता तर ते दिवस बहुधा गेले असते.

मान्यता आली म्हणजे पैसे आले असे नव्हे. पुढच्या बिलात वजावट कोणत्या ओळीत आहे ते पाहावे. आमच्या १ सप्टेंबरच्या बिलात ७९९ रुपयांतून २८३.५२ वजा होऊन ५१५.४८ उरले, त्यावर ९२.७९ जीएसटी लागला आणि एकूण ६०८.२७ झाले. नेहमीच्या ९४२.८२ मधून हे वजा केले की बरोबर ३३४.५५ उरतात. हीच वजावट जीएसटीच्या ओळीखाली दाखवली असती तर बिल ६५९.३० रुपयांचे झाले असते आणि ५१ रुपये ३ पैसे आमच्याकडून गेले असते. वजावट कराच्या ओळीच्या वर हवी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरले असतील तर वजा करायला बिलच नसते. तेथे मागणी मुदत वाढवण्याची करावी: अकरा दिवस बंद असेल आणि प्लॅन १४ डिसेंबरला संपत असेल, तर तो २५ डिसेंबरपर्यंत चालला पाहिजे. वाढवलेली तारीख ॲपमध्ये दिसू लागल्याशिवाय तक्रार निकाली निघाली असे मान्य करू नये.

कंपनीने ऐकलेच नाही तर

बिलाच्या तक्रारीसाठी चार आठवडे हे माप धरावे. तेवढ्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, अपिलाला शुल्क नाही, ते मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचे असते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागावा असा २०१२ चा नियम आहे. अपिलात नवे काही लिहिण्याची गरज नसते. मूळ पत्र, कंपनीचे उत्तर आणि त्यातील चुकीची तारीख कोणती, हे एका पानात मांडावे. ट्रायला थेट लिहून मात्र वेळ घालवू नये, कारण ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. दूरसंचार विभागाकडे `pgportal.gov.in` या संकेतस्थळावर तक्रार करता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. या दोन्ही ठिकाणांहून तक्रार शेवटी कंपनीकडेच पाठवली जाते, पण ती वरच्या पातळीवरच्या माणसाच्या टेबलावर पडते.

शेवटचे स्थान पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे. दूरसंचाराचे वाद ग्राहक आयोगापुढे चालत नाहीत असे कंपन्या पूर्वी सांगत; सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते चालतात असा निर्णय दिला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथे तक्रार करता येते, म्हणून कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा दिल्लीत असले तरी पुण्याबाहेर जावे लागत नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, वकील अनिवार्य नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. तीनशे रुपयांसाठी इतक्या लांब जावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे; पण सेवा महिनाभर बंद असेल, किंवा एकाच सोसायटीतील वीस-पंचवीस घरांची हीच तक्रार असेल, तर मला तो मार्ग योग्य वाटतो, आणि मघाशी बाजूला ठेवायला सांगितलेल्या डेटा पॅकच्या पावत्या येथे जोडाव्यात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते, आणि कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ही मुदत आपोआप वाढत नाही.